साडेअठरा हजारांची तूट

बँकेत पैसे कमी आले की आमच्या साहेबांना एकच शब्द सुचतो. कर. "कर कापला असेल, टाक त्यात आणि मोकळी हो." जसं काही कराचं खातं म्हणजे घरातला माळा, नको ते सगळं वर फेकायचं आणि शिडी काढून घ्यायची. त्या माळ्यावरचं सामान खाली उतरवण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे. ऑडिटर आला की साहेब गायब, आणि प्रत्येक आकड्याला उत्तर द्यायला मी बसलेली.

आमची कंपनी लिफ्टची. म्हणजे आम्ही लिफ्ट बनवत नाही, दुसऱ्यांनी बसवलेल्या चालू ठेवतो. खाली स्टोअर, तिथे तारांची वेटोळी, वंगणाचे डबे आणि बसायला एकही धड खुर्ची नाही. वर ऑफिस. ऑफिसात साहेब, कामं वाटणारा सुपरवायझर आणि मी. कुठल्या गिऱ्हाइकाकडून किती आले, कुठल्या बिलाचे आले, किती राहिले, हे बघणं माझं काम. खाली पाच मेकॅनिक. त्यातला एक माझा दीर.

आमच्या ह्यांचा धाकटा भाऊ. कंपनीत त्यांना सगळे 'सावकाश' म्हणतात, तोंडावरसुद्धा. कुठल्याही कामाला गेले की आधी फडकं काढणार, एकेक नट पुसणार, उजेडात धरून बघणार, मग हात घालणार. कुणी घाई केली की म्हणतात, "सावकाश. लोक आत बसून वर जाणार आहेत, आपण नाही." घरीसुद्धा तीच तऱ्हा. एक बल्ब बदलायला सांगावा तर जाऊबाई म्हणते, "वहिनी, तुम्हीच बदला, नाहीतर आज अंधारातच जेवावं लागेल." मी त्यांची पुष्कळ टर उडवते. तेही हसतात. आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच घरात, वर-खाली राहतो, आणि इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही.

आता आमच्या कंपनीतला एक नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. फार पूर्वी एका मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे एक माणूस जखमी झाला होता. तेव्हापासून विमा कंपनीने अट घातली. एखाद्या दुरुस्तीचं काम नीट झालं नाही असं गिऱ्हाइकाने लेखी कळवून त्या बिलाचे पैसे कापले, तर त्या कामावर सही करणाऱ्या मेकॅनिकच्या कार्डावर शेरा मारायचा. असे दोन शेरे झाले की त्याला लिफ्टला हात लावता येत नाही. आणि ते कार्ड बघितल्याशिवाय दुसरी कुठलीही लिफ्ट कंपनी दारात उभं करत नाही. भाऊजींच्या कार्डावर एक शेरा आधीच होता. दरवाजाच्या कामाचा. त्या वेळी चूक त्यांचीच होती, खोटं कशाला बोलू. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला, ज्याला लिफ्टशिवाय काही येत नाही, दुसरा शेरा म्हणजे घरी बसणं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, जाऊबाईला तर झोपेतसुद्धा माहीत असणार.

तर त्या सकाळी बँकेत एक लाख साडेअठ्ठावीस हजार आले. शहराच्या मधोमध ती अकरा मजली ऑफिसांची इमारत आहे, तिचे. मी आनंदाने चहा जरा जास्तच गोड केला. कारण हे गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप. चार बिलं अडकवून बसले होते. सगळ्यात जुनं मोठ्या दुरुस्तीचं: मोटर उतरवून भरून आणली, ब्रेकचे लायनर बदलले. मूळ रक्कम ऐंशी हजार, वर आठ हजार विक्रीकर. काम भाऊजींचं, सही भाऊजींची. त्यानंतरची तीन बिलं दर महिन्याच्या देखभालीची, प्रत्येकी वीस हजार, वर दोन हजार विक्रीकर. त्या कामाला पाचही जण पाळीपाळीने जातात, त्यामुळे ते एकट्या कुणाचं नसतं. चारही बिलांची बेरीज एक लाख चोपन्न हजार. म्हणजे साडेपंचवीस हजार कमी आले होते.

"कर," साहेब म्हणाले. मान वर न करता.

"सगळा कर नाही," मी म्हटलं. "ते पाच टक्के कापतात. तेही मूळ रकमेवर, वर लावलेल्या विक्रीकरावर नाही. ऐंशी हजारांचे चार हजार, आणि वीस हजारांचा एक असे तीन. झाले सात. बाकी साडेअठरा हजार कुठे गेले?"

"कापले असतील जास्त. टाक ना त्यातच. आपल्याला परत मिळतात ना ते?"

"साहेब, परत मिळतात ते त्यांनी आपल्या नावाने सरकारात भरले तर. त्यांनी सात भरले, दाखला सातचा आला, आणि मी पंचवीस मागायला बसले, तर कर ऑफिसवाले मला हसतील आणि तुम्हाला नोटीस पाठवतील."

नोटीस म्हटल्यावर साहेबांनी मान वर केली. "मग बघ काय ते. पण महिनाअखेरच्या पत्रकात जागा रिकामी ठेवू नकोस."

दुपारी त्यांची पेमेंट ॲडव्हाइस ईमेलने आली. कुठल्या बिलाचे किती पैसे दिले हे सांगणारा कागद. चार ओळी, चार बिलं. प्रत्येक ओळीत बिलाची रक्कम, कापलेला कर, आणि हातात दिलेले पैसे. दुरुस्तीच्या ओळीत अठ्ठ्याऐंशी हजार, कर चार, दिले चौऱ्याऐंशी. देखभालीच्या प्रत्येक ओळीत बावीस हजार, कर एक, दिले एकवीस. करापर्यंत माझं गणित तंतोतंत जुळलं, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण चारही ओळींची बेरीज होत होती एक लाख सत्तेचाळीस हजार. कागदावर सगळी बिलं पूर्ण दिलेली, आणि बँकेत साडेअठरा हजार कमी. ही तूट कुठल्या बिलाची, याबद्दल त्या कागदाने मौन धरलं होतं.

आता अशा वेळी काय करायचं, याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. गिऱ्हाइकाने बिल सांगितलं तर त्याचंच ऐकायचं. त्याचे पैसे, त्याने म्हणावं कशाचे ते. नाही सांगितलं, तर सगळ्यात जुन्या बिलापासून मिटवत यायचं. तसं केलं असतं तर? दुरुस्तीचं बिल सगळ्यात जुनं. त्याचे चौऱ्याऐंशी हजार आधी, चार हजार कर, बिल पूर्ण. उरलेल्या साडेचव्वेचाळीसमधून देखभालीची दोन बिलं पूर्ण. तिसऱ्याला अडीच हजार, एक हजार कर, आणि त्याच्यावर साडेअठरा हजार बाकी. देखभालीचं बिल, कुणाच्याच कार्डावर जाणारं नाही. मग सावकाश भांडत बसलो असतो गिऱ्हाइकाशी.

मी तसंच टाकायला घेतलं होतं. देवाशप्पथ, हात कीबोर्डवर होते.

तेवढ्यात सुपरवायझर माझ्या टेबलाशी आला. त्याला दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावायची सवय आहे. बघितलं, आणि गालातल्या गालात हसला. "घरचं बिल आधी मिटवलंत वाटतं, मॅडम?"

माझं टाळकंच सरकलं. इतकी वर्षं मी एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, भाऊजींच्या ओव्हरटाइमचे तास दोनदा मोजते, त्यांना मिळाले तर योग्यच मिळावेत म्हणून. आणि हा शहाणा मला शिकवणार? "जुनं बिल आधी, ही पद्धत आहे," मी म्हटलं. "घरचं आणि बाहेरचं तुमच्याकडे चालत असेल."

"अहो, मी गंमत केली," तो म्हणाला. पण केबिनच्या काचेआड साहेबांची मान हलली होती. त्यांनी ऐकलं होतं.

मी ती नोंद पुसली. पैसे कुठल्याच बिलावर न टाकता नुसतेच गिऱ्हाइकाच्या खात्यावर ठेवले, आणि तिकडे ईमेल लिहिली. लिहिली कशी, तर खणखणीत. तुमच्या ॲडव्हाइसची बेरीज अमुक, बँकेत आले तमुक, साडेअठरा हजारांचा फरक नेमक्या कुठल्या बिलाचा आणि कशासाठी, हे लेखी कळवावे. आणि एक प्रत साहेबांना. मुद्दाम. म्हणजे कुणाच्या मनात काही यायला नको. कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, अशा थाटात मी ते बटण दाबलं. घरी आल्यावर जाऊबाईला रंगवून सांगितलंसुद्धा, कसं मी त्या सुपरवायझरचं तोंड बंद केलं. ती हसली. भाऊजी जिन्यात बसून बुटांची नाडी ओवत होते. म्हणाले, "वहिनींशी पंगा घ्यायचा म्हणजे त्याला घरी कुणी समजावणारं नाही वाटतं."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोन ओळींचं. फरक दुरुस्तीच्या बिलाचा. कारण: काम समाधानकारक नाही.

मी ते दोनदा वाचलं नाही. एकदाच वाचलं, आणि वरचे पत्ते बघितले. प्रत साहेबांनाही गेली होती, कारण मीच त्यांना त्यात घातलं होतं.

तिकडे पैसे देण्याचं काम एक बाई बघते. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण गेली कित्येक वर्षं फोनवर बोलतो. तिच्या मुलाची परीक्षा मला माहीत असते, माझी कंबर तिला. फोन उचलला की "हॅलो, ताई" असं ती एका दमात म्हणते, म्हणून मी तिला मनातल्या मनात हॅलोताई म्हणते. मी तडक तिला फोन लावला.

"हॅलो, ताई! मिळालं ना उत्तर? तुमचं अर्जंट होतं म्हणून लगेच पाठवलं बघा."

"अगं, पण दुरुस्तीत काय झालं? मोटर बिघडली? ब्रेक लागत नाही?"

"मोटर? नाही हो. लिफ्ट चांगली चाललीय. मी रोज तिनेच येते."

"मग काम समाधानकारक नाही असं कसं लिहिलंस?"

"ताई, आमच्या मॅनेजरनी सांगितलं होतं, लिफ्टवाल्यांचे साडेअठरा हजार कापा. लोकांच्या तक्रारी होत्या ना मधे. दिवा उडाला, दरवाजा आवाज करतो, तुमचा माणूस उशिरा आला, असल्या. तीन महिन्यांचं सगळं मिळून. बिलाचं काही ते बोलले नव्हते. मीही एकगठ्ठाच कापले होते. मग तुम्ही विचारलंत, नेमकं कुठलं बिल. सिस्टीममध्ये एकच बिल निवडता येतं. कारणसुद्धा यादीतूनच घ्यावं लागतं, चारच कारणं आहेत त्यात. मी सगळ्यात मोठं बिल निवडलं. मावायला हवं ना."

"देखभालीच्या बिलातही मावलं असतं गं," मी म्हटलं. "एकवीस हजार दिलेस ना प्रत्येकी? साडेअठरा मावले असते."

"हो की," ती म्हणाली. "पण तुम्हाला काय फरक पडतो, ताई? एकूण तेवढेच ना?"

काय सांगणार होते मी तिला? सांगितलं. सगळं सांगितलं. नियम, कार्ड, पहिला शेरा, माझा दीर. ती ऐकत गेली आणि शेवटी नुसतं "अगं बाई" म्हणाली. मग म्हणाली, "मी बदलून देते. थांबा, बघते." तिच्या बोटांचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता. "ताई, महिना बंद झालाय आमचा. उघडायला मॅनेजरची मंजुरी लागते. मी विचारते. लगेच विचारते."

तिने विचारलं. खोटं बोलणार नाही ती. पण मॅनेजरला संशय आला. कंत्राटदार एवढा हट्ट का करतोय, पैसे तेवढेच राहणार तर बिल बदलून कशाला हवंय? म्हणजे नक्की काहीतरी डाव आहे, उद्या दावा लावणार असतील. तो म्हणाला, जे लिहून दिलंय ते दिलंय, आता शब्दसुद्धा बदलायचा नाही. हॅलोताईने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "ताई, तुम्ही विचारलंच नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि मग घाईघाईने, "तसं नाही म्हणायचं मला."

तसंच म्हणायचं होतं. आणि खरंच होतं ते. मी फोन ठेवला.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. वाईट माणूस नाही तो. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी पगार कापला नव्हता. मी त्यांना सगळं समजावलं, एकेक आकडा. "आणि हे बघा," मी म्हटलं, "कर त्यांनी पूर्ण ऐंशी हजारांवर कापलाय. काम वाईट झालं असं त्यांना तेव्हा वाटत असतं तर कर कमी रकमेवर कापला असता ना? ॲडव्हाइसवरही चौऱ्याऐंशी पूर्ण दाखवलेत. हे नंतर चिकटवलंय, साहेब. त्या बाईने स्वतः सांगितलं मला."

"लेखी सांगितलं?"

"फोनवर."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि लेखी काय आहे?"

मी ईमेलची प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

"तूच मला शिकवलंस, गिऱ्हाइकाने बिल सांगितलं की त्याच बिलावर टाकायचं. मी म्हणायचो जुनं आधी मिटव, तू म्हणायचीस नाही, त्याचे पैसे आहेत. बरोबर? आता त्याने सांगितलंय. मी देखभालीच्या बिलावर तूट दाखवली, तर उद्या ते म्हणतील, ते बिल आम्ही पूर्ण दिलंय, हा बघा कागद. आणि विमावाल्यांनी ही ईमेल बघितली तर माझा विमा गेला. पाच माणसांचं काम गेलं."

"मग साडेअठरा हजार मी भरते," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. "आम्ही भरतो. मिटवून टाका ते बिल."

"पैशाचा प्रश्न असता तर मीच सोडून दिले असते," साहेब म्हणाले. "तूट भरता येते गं. त्यांनी कारण लिहिलंय ना, ते कसं भरणार?"

मी हात टेकले. इतकी वर्षं या कंपनीत मी बाकी सगळ्यांना निरुत्तर करत आले, आणि त्या दिवशी माझ्याच शब्दांनी मला गाठलं. बरं, चूक कुणाची म्हणून जाऊन भांडू? मॅनेजरने एकूण कापले, त्याला बिलाशी देणंघेणं नव्हतं. हॅलोताईने मोठं बिल निवडलं, कारण मी निवडायला लावलं. साहेब नियमाने वागले. मी तर सगळ्यात सरळ वागले. एकही माणूस असा नाही की ज्याचं नरडं धरावं, आणि माझ्यासारखीला तर त्याशिवाय चैन पडत नाही.

नोंद मलाच करायची होती. देखभालीची तिन्ही बिलं: एकवीस हजार आले, एक हजार कर, पूर्ण. दुरुस्तीचं बिल: साडेपासष्ट हजार आले, चार हजार कर, बाकी साडेअठरा. सगळं मिळून एक लाख साडेअठ्ठावीस, बँकेशी जुळलं. पत्रकात कारणाच्या रकान्यात मी टाइप केलं: काम समाधानकारक नाही. सुपरवायझर त्या दिवशी माझ्या टेबलाकडे फिरकला नाही. संध्याकाळी चहाचा कप आणून ठेवला आणि गेला. त्याचाही राग आला मला, पण त्या रागाचं काय करावं तेच सुचेना.

भाऊजींना मीच सांगायचं ठरवलं. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी. घरी जाऊन त्यांना गच्चीवर बोलावलं, तिथे जाऊबाईने कपडे वाळत घातले होते. मी सगळं सांगितलं. ईमेलसुद्धा. सुपरवायझरला उत्तर द्यायच्या नादात ती पाठवली हेसुद्धा. ते ऐकत होते आणि हातातला चिमटा उघडत होते, मिटत होते.

"लिफ्ट चालतीय ना पण?" त्यांनी विचारलं.

"चालतीय. ती बाई रोज तिनेच जाते म्हणाली."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "ब्रेकची मला जरा काळजी होती. नवीन लायनर बसायला वेळ घेतात."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते. खाली जाऊबाईला त्यांनीच सांगितलं. मला वर ऐकू येत नव्हतं काही. ती रात्री जेवायला वाढताना माझ्याशी नीट बोलली, भाजी हवी का विचारलं, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आमचे हे मध्येच म्हणाले, "तिने मुद्दाम थोडंच केलं?" त्यावर जाऊबाई म्हणाली, "मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय, दादा? वहिनींचं काम एकदम चोख असतं." तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात कार्डावर शेरा पडला. साहेबांनी त्यांना खाली स्टोअरमध्ये बसवता येईल का ते पाहिलं, पण स्टोअरला माणूस होता आणि त्यालाही पोरंबाळं आहेत. भाऊजींनी हत्यारांची पेटी परत केली. एकेक पाना पुसून, यादीशी ताडून. स्टोअरवाला म्हणाला, राहू द्या हो, मी बघतो नंतर. ते म्हणाले, "सावकाश. एखादा कमी निघाला तर तुझ्या नावावर जाईल."

मग ते वर आले, माझ्या टेबलाशी. शेवटचा हिशेब माझ्याकडूनच घ्यायचा असतो. पाहुण्यासारखे समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसले. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला: राहिलेला पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे, नोकरीच्या वर्षांचे पैसे. खाली एक वजाबाकी, आणि तिच्याखाली हातात मिळणारी रक्कम.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला. वरपासून वाचत खाली आले आणि वजाबाकीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कशाचे कापले, वहिनी?"

"कर," मी म्हटलं. "सगळ्यावर नाही. पगारावर आणि रजेच्या पैशांवर फक्त. नोकरीच्या वर्षांच्या पैशांवर लागत नाही. दाखला मिळेल तुम्हाला, तो जपून ठेवा." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "आकडे तपासून घ्या, भाऊजी. तुम्हाला हवं तर मी मांडून दाखवते."

"नको," ते म्हणाले. "तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार."

सही कुठे करायची ते त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली.